झोपेसाठी दिलेलं सिरप आणि गादीवरच्या नसलेल्या मुंग्या

*डॉक्टर, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, वजन १२ किलो. सकाळी साडेआठला उठतो, दुपारी तीन ते साडेपाच झोपतो, पण रात्री साडेअकराशिवाय डोळा मिटत नाही. पुतणीच्या अंगावर पित्त उठलं होतं तेव्हा आणलेली प्रोमेथाझिनची बाटली घरात होती. जाऊबाई म्हणाल्या, याने मुलं गाढ झोपतात. पहिल्या दिवशी रात्री नऊला ५ मिली दिलं, तर दहा वाजता तो गादीवर उड्या मारायला लागला, मध्येच हसायचा, मध्येच रडायचा. औषध कमी पडलं असेल म्हणून दोन दिवसांनी साडेसात मिली दिलं. त्या रात्री तो चादरीवरून काहीतरी वेचत होता, "मुंगी, मुंगी" म्हणत होता. मुंगी एकही नव्हती. दोन वाजता झोपला तो सकाळी साडेदहापर्यंत उठेना. डोस चुकतोय का? दुसरं एखादं सौम्य सिरप चालेल का? पुढच्या महिन्यात रात्रीच्या बसने नाशिकहून नागपूरला जायचंय. निदान त्या एका रात्रीपुरतं?*

*— एक आई, नाशिक*

ताई, ती बाटली झोपेसाठी पुन्हा उघडू नका. कमी मापाने नको आणि जास्त मापाने तर मुळीच नको. पहिल्या रात्रीच्या उड्या बघून तुम्हाला वाटलं की औषध लागू पडलं नाही. खरं म्हणजे ते लागू पडलं होतं, फक्त तुम्हाला हवं होतं त्याच्या उलट्या दिशेने. दुसऱ्या रात्रीच्या मुंग्या म्हणजे ते मेंदूपर्यंत जरा जास्तच पोचल्याची खूण होती.

हिस्टामिन म्हटलं की आपल्याला पित्ताच्या गांधी, खाज आणि शिंका आठवतात. पण मेंदूत त्याचं काम वेगळं आहे. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो दिवसभर हिस्टामिन सोडत राहतो आणि त्यावर आपली जाग टिकते. प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुन्या पिढीची औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तिथलं हे हिस्टामिनचं काम अडवतात. म्हणून त्यांनी गुंगी येते. खाजेच्या औषधाचा हा दुष्परिणाम आहे, आणि लोक त्यालाच झोपेचा गुण समजून बसले.

ही औषधं तेवढ्यावर थांबत नाहीत. मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं आणखी एक रसायन आहे. लक्ष एका जागी ठेवणं, समोर दिसतंय ते नीट ओळखणं, आपण कुठे आहोत याचं भान राखणं ही कामं त्याच्यावर बरीच अवलंबून असतात. ही जुनी औषधं त्यालाही अडवतात. धोतरा खाल्लेल्या माणसाबद्दल तुम्ही गावाकडे ऐकलं असेल. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग लालबुंद आणि गरम होतं, आणि माणूस हवेतून किंवा अंथरुणावरून न दिसणारं काहीतरी वेचत बसतो. धोतऱ्यातली द्रव्यं हेच ॲसिटिलकोलिन अडवतात. तुमच्या मुलाने चादरीवरून मुंग्या वेचल्या, ती याच प्रकाराची सौम्य आवृत्ती होती.

मग मोठ्या माणसाला त्याच औषधाने पेंग येते आणि लहान पोर उधळतं, असं का? याचं पक्कं उत्तर अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. पण जे सर्वसाधारणपणे मानलं जातं, ते असं. घरातली मोठी माणसं आधी झोपली आणि पोरं जागी राहिली तर घरात काय होतं, ते डोळ्यांपुढे आणा. मेंदूचा जो भाग वागण्याला आवर घालतो, तो लहान वयात मुळातच कच्चा असतो. औषधाने तोच आधी मंदावतो आणि बाकीचा मेंदू जागाच असतो. त्यात ॲसिटिलकोलिन अडल्यामुळे आलेला गोंधळ मिसळतो. मूल दमलेलं असतं, त्याला झोपायचंही असतं, पण आतून शांत होता येत नाही. म्हणून ते हसतं, लगेच रडतं, पळतं, ओरबाडतं, आईने जवळ घेतलं तरी हात झटकतं. औषध दिल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासात हे सुरू होतं आणि काही तास चालतं. तुम्ही नऊला दिलं आणि दहाला उड्या सुरू झाल्या, हे घड्याळ अगदी जुळतं. काही जणांच्या यकृतात अशी औषधं जास्त वेगाने फुटतात आणि त्यातून उत्तेजना देणारा पदार्थ तयार होत असावा, असाही एक तर्क आहे. कारण कोणतंही असो, नेमक्या कोणत्या मुलात असं होईल हे आधी सांगता येत नाही. आणि नेहमीच्या मापातही ते होऊ शकतं.

मी निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र सांगते. तीन वर्षांची मुलगी आणली होती. अंग गरम, चेहरा लाल, आईला ओळखत नव्हती, सलाईनच्या नळीकडे बोट दाखवून किंचाळत होती. मेंदूज्वर असेल या शंकेने आम्ही पाठीतलं पाणी काढायची तयारी सुरू केली. तेवढ्यात आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, ती वाळलेल्या पानासारखी कोरडी होती. मग बॅटरी डोळ्यांवर धरली. बाहुल्या मोठ्या होत्या आणि उजेडाने जेमतेम हलत होत्या. त्यांनी आजीला एवढंच विचारलं, "आजी, काय पाजलंत?" आजीने पिशवीतून सर्दीच्या सिरपची बाटली काढली. पोरगी झोपत नव्हती म्हणून संध्याकाळपासून तीनदा दिलं होतं, आणि मोजायला घरातला पोह्याचा चमचा. प्रत्येक वेळी ती जास्त खवळली आणि प्रत्येक वेळी आजीने आणखी एक चमचा दिला. मुलगी दोन दिवसांत बरी होऊन घरी गेली. आजी ते दोन्ही दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. मी तिला कधीच दोष दिला नाही. अशा वेळी काय होतं, हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या पत्रातल्या पाचाच्या साडेसात मिलीबद्दल मला काळजी वाटली ती यासाठी. औषध दिल्यावर मूल उधळलं तर घरातल्या कुणालाही वाटतं की माप कमी पडलं. पण याच औषधांची विषबाधा मुलांमध्ये बऱ्याचदा उत्तेजनेनेच सुरू होते. आधी धिंगाणा, मग भास, मग झटके, आणि त्यानंतर गुंगी इतकी खोल जाते की श्वास मंदावतो. म्हणजे ज्या क्षणी आपण दुसरा चमचा भरतो, त्याच क्षणी हात आखडता घ्यायला हवा असतो. त्यातून पोह्याच्या चमच्याचा काही भरवसा नाही. एका घरातल्या चमच्यात ५ मिली मावतं, तर दुसऱ्या घरातल्यात त्याच्या दीडपट.

सकाळी साडेदहापर्यंत तो उठला नाही, याचं कारणही साधं आहे. प्रोमेथाझिन अंगातून निम्मं कमी व्हायलाच दहा-बारा तास लागतात. रात्री नऊला दिलेल्या औषधाचा बराचसा भाग सकाळी नऊलाही त्याच्या रक्तात होता. दिसायला ती गाढ झोप वाटते, पण मूल उठतं ते चिडचिडं आणि सुस्त. दुपारची झोप मग आणखी लांबते आणि रात्री पुन्हा साडेअकरा. ज्यासाठी औषध दिलं, तेच आणखी बिघडतं.

आता सगळ्यात गंभीर बाब. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वयासाठी त्याच्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. हे माहिती असल्यामुळे लहान बाळं, त्यातही घोरणारी किंवा टॉन्सिल वाढलेली, डोळ्यांपुढे आली की मला अशी बाटली घरात ठेवायचीच भीती वाटते. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकाने २०२४ च्या डिसेंबरात सहा वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन देऊ नका, असं बजावलं. त्यामागे भास, आक्रमकपणा आणि अतिचंचलपणा ही कारणंही होती. म्हणजे तुमच्या घरी जे घडलं तेच. आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेल्या सर्दीच्या औषधावर "चार वर्षांखालील मुलांना वापरू नये" असं छापायला सांगितलं. तुमच्या जाऊबाईंना कुणा डॉक्टरांनी कधीकाळी हे झोपेसाठी लिहून दिलं असेल तर नवल नाही. जुन्या माहितीपत्रकांत लहान मुलांसाठीही तशी मात्रा असायची. त्यानंतर शहाणपण वाढलं आहे.

आणि एवढा धोका पत्करून हाती काय लागतं, तेही पाहू. २००६ साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. रात्री वारंवार उठणाऱ्या ६ ते १५ महिन्यांच्या ४४ बाळांना निजायच्या अर्धा तास आधी, निम्म्यांना डायफेनहायड्रामिन आणि निम्म्यांना नुसतंच चवीचं पाणी, असं दिलं. कुणाला काय मिळतंय हे आईबापांनाही ठाऊक नव्हतं. औषध घेतलेल्या २२ पैकी एका बाळाची झोप सुधारली, औषध नसलेल्या २२ पैकी तिघांची. औषधाचा उपयोग दिसत नाही म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली. मोठ्यांवर केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, रोज घेतल्यावर चौथ्या दिवशी त्याची गुंगी जवळपास नाहीशी झाली होती, शरीर सरावलं होतं. म्हणजे काही मुलांना पहिल्या एक-दोन रात्री गुंगी येते, घरात वाटतं "लागू पडलं", आणि मग माप वाढत जातं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांची कथा याच वळणाने जाते.

दुसऱ्या सौम्य सिरपबद्दल विचारलंत, तर बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन, फेनिरामिन, सायप्रोहेप्टाडिन ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत. त्यातलं शेवटचं आपल्याकडे भूक वाढवायचं टॉनिक म्हणून सर्रास दिलं जातं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. सर्दीच्या सिरपमध्ये तर यांच्याबरोबर नाक मोकळं करणारं औषध असतं, त्याने छाती धडधडते आणि झोप उडते. कधी पॅरासिटामॉलही असतं, मग तापाचं औषध वेगळं दिलं की ते दुप्पट होतं. सेटिरिझिनसारखी नव्या पिढीची औषधं मेंदूत कमी शिरतात. खाजेसाठी किंवा ॲलर्जीसाठी आम्ही ती लिहून देतो, पण झोपेसाठी तीही नाहीत. मुलाला खरोखर पित्त उठलं, खाजेने रात्रभर अंग ओरबाडत असेल, तर त्याचं औषध डॉक्टरांकडून जरूर घ्या. तिथे आपण खाज थांबवतो, मग झोप आपोआप येते.

सासूबाई जायफळाचं विचारतील. सहाणेवर एक-दोन वेढे उगाळून बोटाने चाटवणं हा जुना रिवाज आहे. त्याने झोप येते असा भरवशाचा पुरावा नाही, आणि जास्त झालं तर जायफळानेही भास होतात, छाती धडधडते. मुंबईच्या गिरण्या चालू असताना कामावर जाणाऱ्या आया लेकरांना अफूची बाळागोळी देत, कारण बारा तास लेकरू बघायला घरी कुणीच नसायचं. त्या आयांची अडचण मला समजते, तुमचा थकवाही समजतो. पण गुंगीत पडलेलं मूल आणि झोपलेलं मूल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झोपेतलं मूल उशी नाकावर आली तर मान वळवतं, तहान लागली तर उठतं. गुंगीतल्या मुलाचं हे राखणच ढिलं पडतं.

आता तुमच्या मुलाची झोप मोजू. रात्री साडेअकरा ते सकाळी साडेआठ म्हणजे नऊ तास. दुपारी तीन ते साडेपाच, अडीच तास. एकूण साडेअकरा. या वयाच्या मुलाला दिवसभरात मिळून साधारण अकरा तासांच्या आसपास किंवा थोडी जास्त झोप लागते. म्हणजे ताई, त्याची झोप पुरेशी आहे. फक्त ती घड्याळावर पुढे सरकली आहे. संध्याकाळी साडेपाचला उठलेलं पोर साडेनऊला झोपेल कसं? त्याला जागून चारच तास झालेले असतात, आणि या वयात रात्रीच्या झोपेआधी पाच-सहा तासांची जाग लागते. इथे उलगडा होतो की रोगच नव्हता, मग औषध कशावर चालणार होतं?

सुरुवात सकाळपासून करा. रात्री कितीही उशीर झाला तरी त्याला सात-सव्वासातला उठवा, खिडकीचा पडदा उघडा, जमलं तर दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर उजेडात न्या. पहिले तीन-चार दिवस तो कुरकुरेल, त्याची तयारी ठेवा. दुपारची झोप जेवण झाल्याबरोबर एकच्या सुमाराला आणा आणि अडीचला, फार तर पावणेतीनला, हलक्या आवाजात उठवा. दुपारची झोप एकदम बंद करू नका. अतिदमलेलं मूल रात्री आणखी चेकाळतं. रात्री पहिले दोन-तीन दिवस त्याला साडेनऊला गादीवर कोंडून ठेवू नका. तो खरोखर पेंगतो त्या वेळेलाच, समजा अकराला, दिवे मंद करा आणि निजवा, म्हणजे गादीवर पडलं की झोप लागते ही गाठ पुन्हा बसते. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. अकरावरून साडेनऊवर यायला दोन-अडीच आठवडे लागतील. निजायच्या आधीचा एक तास मोबाईल आणि टीव्ही बंद, आणि रोज त्याच क्रमाने कोमट पाण्याने हातपाय धुणं, दूध, दात घासणं, मांडीवर एकच गोष्ट. एक संपल्यावर दुसरी मागितली तर उद्या. बाबा उशिरा घरी येत असतील तर त्यांचं उड्या मारायला लावणारं खेळणं सकाळच्या वाट्याला ठेवा. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे, नऊ वाजता दारात बाबा आले की पोराची झोप पार पळते.

एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही, किंवा तो घोरतो, झोपेत श्वास थांबल्यासारखा होतो, सारखे पाय झाडतो, रात्री गुदद्वाराशी खाजवतो, तर त्याला दाखवा. टॉन्सिल, लोहाची कमतरता, जंत, ही झोपमोडीची कारणं तपासून बरी करता येतात.

घरात कुणी अजाणता हे औषध पुन्हा दिलंच आणि तो उधळला, तर काय करायचं तेही लिहून ठेवा. आणखी कुठलंही औषध देऊ नका, शांत करायचं म्हणून तर नकोच. खोलीत मंद उजेड ठेवा, गादी जमिनीवर घ्या, कारण तोल जाऊन पडणं हाच पहिला धोका असतो. पुष्कळ हातांनी धरू नका, एकाच ओळखीच्या माणसाने जवळ बसावं. तो झोपल्यावर कुशीवर झोपवा आणि अधूनमधून हाक मारून, हात हलवून प्रतिसाद बघा. हाकेला जागा होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरीत वाटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटका आला, अंग तापलं आणि लघवी सात-आठ तास झाली नाही, किंवा मान एका बाजूला ओढली जाऊन डोळे वर फिरले, तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या, कारण किती मिली कमी झालंय हे डॉक्टरांना बाटलीवरूनच कळतं. मान आणि डोळे ओढले जाण्याचा हा प्रकार प्रोमेथाझिनने होतो आणि आईबापांना झटक्यासारखा वाटतो. त्याला वेगळं इंजेक्शन असतं, म्हणून दिलेल्या औषधाचं नाव ठाऊक असणं महत्त्वाचं.

राहिली नागपूरची बस. एका रात्रीपुरतंही नको. विचार करा, बाराच्या पुढे स्लीपर बसमध्ये दिवे बंद, तुम्हीही डोळा लागून गेलेला, मुलाची मान आत दबलेली, आणि त्याचा श्वास कमी झाला तर तो कुणाच्या लक्षात येणार? दवाखाना मागे राहिलेला आणि पुढचं गाव किती लांब ते माहीत नाही. शिवाय तो उधळला, तर त्या अरुंद जागेत त्याला धरणं तुम्हाला घरापेक्षाही कठीण जाईल. त्या दिवशी दुपारी तासभरच झोपू द्या, बस निघायच्या आधी पोटभर पण हलकं जेवण द्या, आणि त्याची नेहमीची चादर आणि तीच गोष्ट बरोबर ठेवा. बसल्या बसल्या मळमळत असेल तर मला आधी कळवा, त्याचा विचार वेगळा करू. आणि नागपूरला पोचल्यावर एक दिवस त्याचं घड्याळ तासभर पुढे-मागे झालं, तर ते दोन दिवसांत परत जागेवर येतं.